पहिल्या बॉक्स जंपला १२ इंच की २० इंच?

बऱ्याच जिममध्ये तीन उंचींचा लाकडी बॉक्स असतो आणि त्याची सर्वांत बुटकी बाजूच २० इंचांची असते. त्यामुळे नवखा माणूस फारसा विचार न करता २० इंचांवर उडी मारतो. मीही तसंच केलं आणि दोन आठवड्यांनी १२ इंचांवर आलो.

२० इंचांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. उंच बॉक्सवर पाय टेकतात तेव्हा शरीर उडीच्या शिखराजवळच असतं, खाली येण्याचं अंतर थोडं उरतं आणि धक्का कमी बसतो. पण त्यासाठी कंबर खरोखर तेवढी वर जायला हवी. तिथेच माझं अडलं.

मी दर वेळी बॉक्सवर पोहोचायचो, पण टेकायचो ते जवळजवळ उकिडवा. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला आणि दोन ठिकाणी थांबवून पाहिला. उडीआधी वाकलो होतो तेव्हा कंबर गुडघ्यांच्या बरीच वर होती. बॉक्सवर टेकल्यावर ती गुडघ्यांच्या खाली, पाठ गोल, गुडघे आत वळलेले आणि टाचा काठाबाहेर. म्हणजे उंच गेलो नव्हतो, फक्त पाय पोटाशी घेतले होते. इतकं खाली बसल्यावर धक्का पचवायला मांड्यांना जागाच उरत नाही. पाय जरा कमी उचलला गेला तर काठ थेट नडगीवर बसतो.

मग भिंतीवर खडूने मोजलं. उभ्याने हात पुरतो तिथे एक खूण, उडी मारून पुरतो तिथे दुसरी. फरक निघाला १४ इंच. म्हणजे १२ इंचांच्या बॉक्सवर मी गुडघे थोडे वाकवून टेकू शकतो, २० इंचांवर मात्र कमरेला किमान ६ इंच कमी पडतात आणि ते उकिडवं बसूनच भरून काढावे लागतात. तुमचा फरक २४-२५ इंच असेल तर २० इंच कदाचित तुम्हाला चालेलही. नाहीतर मी तरी खडूच्या फरकापेक्षा थोडा बुटका बॉक्स घेईन.

१२ इंचांचा बॉक्स मिळत नसेल तर एरोबिक्सचा स्टेपर खाली त्याचे ठोकळे लावून ८-१० इंच करा आणि भिंतीला लागून ठेवा. वजनाच्या प्लेटा रचू नका, त्या सरकतात.

पहिल्या दिवशी पाच-पाच उड्यांचे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. पूर्ण पाऊल बॉक्सवर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज हलका. आवाज वाढला किंवा टेकताना कंबर गुडघ्यांच्या तुलनेत उडीआधी वाकता त्यापेक्षा खाली जाऊ लागली की सेट तिथेच थांबवा. उतरताना एकेक पाय खाली ठेवा. खाली उडी मारलीत तर वाचवलेला धक्का पोटरी आणि टाचेच्या शिरेवर परत येतो. गुडघ्याचं किंवा टाचेचं जुनं दुखणं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, मगच १२ इंचांचाही विचार करा.