पाठ टाचणाची पडताळणी : होय-नाहीची सूची, तीन रकान्यांचा ताळा की प्रश्नांपासून उलटी तपासणी?

वर्षाच्या सुरुवातीला सोलापुरातील बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांसमोर किंवा विषयप्रमुखांसमोर एक प्रश्न येतो, तो म्हणजे शिक्षकांची टाचणे अभ्यासक्रमाशी ताडून कशी पाहायची आणि त्यांतील उणिवा शिक्षकाला कोणत्या रूपात परत द्यायच्या. यासाठी तीन पद्धती वापरता येतात. पहिलीत छापील सूचीवर होय-नाहीच्या खुणा करायच्या, दुसरीत उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन एकाच ओळीत शेजारी शेजारी मांडायचे, आणि तिसरीत मूल्यमापनाच्या प्रश्नांपासून सुरुवात करून उद्दिष्टापर्यंत मागे यायचे. यांपैकी कोणती निवडावी हे ठरवणाऱ्यांसाठी एकच टाचण तिन्ही पद्धतींनी तपासून पाहू.

टाचण इयत्ता पाचवीच्या गणितातील सममूल्य अपूर्णांकांचे आहे आणि तासिका ३५ मिनिटांची. शिक्षकाने तीन उद्दिष्टे लिहिली आहेत : विद्यार्थी सममूल्य अपूर्णांक ओळखतो, दिलेल्या अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक तयार करतो आणि सममूल्य अपूर्णांकांचा व्यवहारात उपयोग करतो. प्रस्तावनेला ५ मिनिटे, कागदी पट्ट्यांच्या घड्या घालून १/२, २/४ आणि ४/८ हे भाग एकमेकांवर ठेवून पाहायला १० मिनिटे, अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणण्याची रीत फळ्यावर दाखवायला १० मिनिटे आणि वहीत उदाहरणे सोडवायला १० मिनिटे, अशी वेळेची वाटणी आहे. मूल्यमापनाला चार रिकाम्या जागा दिल्या आहेत : १/२ = □/८, २/३ = □/१२, ३/५ = □/२० आणि ३/४ = □/१६. गृहपाठही याच प्रकारचा आहे.

होय-नाहीच्या सूचीत हे टाचण निर्विघ्न पार पडते. उद्दिष्टे लिहिली आहेत का, होय. ती निरीक्षणक्षम क्रियापदांत आहेत का, होय. अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक दिला आहे का, तर पाचवीच्या गणिताचा ०५.७१ ने सुरू होणारा क्रमांक वर कोपऱ्यात लिहिलेला आहे. विद्यार्थीकेंद्रित कृती, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, गृहपाठ, सगळीकडे होय. चार-पाच मिनिटांत तपासणी संपते, सही होते आणि परत देण्यासारखे काहीच उरत नाही. सूचीची मर्यादा इथेच आहे. टाचणात एखादी गोष्ट आहे की नाही एवढेच ती विचारते, ती कशासाठी आहे हे विचारत नाही. तरीही ती टाकाऊ नाही. टाचणाला मूल्यमापनच नसणे, किंवा गेल्या वर्षीचे टाचण तारीख बदलून तसेच लिहिलेले असणे आणि पाठ्यपुस्तक मात्र बदललेले असणे, असल्या ढोबळ उणिवा तिच्याइतक्या झटपट दुसऱ्या कशाने सापडत नाहीत. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला काय काय लिहायचे असते हे कळायलाही ती उपयोगी पडते.

आता हेच टाचण तीन रकान्यांत मांडू.

| उद्दिष्ट | त्यासाठीची कृती | त्याचे मूल्यमापन |
|---|---|---|
| सममूल्य अपूर्णांक ओळखतो | पट्ट्यांच्या घड्या, १० मिनिटे | नाही |
| सममूल्य अपूर्णांक तयार करतो | फळ्यावरील रीत आणि वहीतील सराव, २० मिनिटे | चारही प्रश्न आणि गृहपाठ |
| व्यवहारात उपयोग करतो | नाही | नाही |

हा ताळा भरताना एक शिस्त पाळावी लागते : एका कृतीला ती खरोखर ज्या उद्दिष्टाची आहे त्याच ओळीत जागा द्यायची. शिक्षक स्वतः ताळा भरतात तेव्हा पट्ट्यांची कृती तिन्ही ओळींत लिहिण्याचा मोह होतो आणि मग एकही रकाना रिकामा दिसत नाही. तपासणाऱ्याने प्रत्येक ओळीत विचारायचे ते एवढेच, की ही कृती काढून टाकली तर या उद्दिष्टाचे काही बिघडेल का. बिघडणार नसेल, तर ती त्या ओळीतली नाही.

वरच्या ताळ्यात दोन वेगळ्या जातीच्या उणिवा दिसतात. तिसऱ्या उद्दिष्टाला कृतीही नाही आणि मूल्यमापनही नाही. ३५ मिनिटांची पूर्ण वाटणी झालेली असल्याने त्याला जागाही उरलेली नाही, म्हणजे ते उद्दिष्ट केवळ लिहायचे म्हणून लिहिलेले आहे. पहिल्या उद्दिष्टाची उणीव मात्र अधिक गंभीर आहे, कारण तिथे कृती उत्तम आहे आणि म्हणूनच उणीव लपते. असा ताळा समोर ठेवला की शिक्षक बहुधा म्हणतात, "सर, ओळखायचं तर पट्ट्यांत झालं की!" पट्ट्यांत ते झाले असेलही, पण चाळीस मुलांपैकी कोणाला झाले आणि कोणी शेजाऱ्याचे पाहून घडी घातली, हे सांगणारा कोणताही पुरावा टाचणात मागितलेला नाही. उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन यांनी एकाच क्रियापदाभोवती फिरले पाहिजे, ही मांडणी जॉन बिग्ज या शिक्षणतज्ज्ञाने १९९६ मध्ये उच्च शिक्षणाच्या संदर्भात केली होती. शालेय टाचणाला ती तितकीच लागू पडते. उद्दिष्टात 'ओळखतो' असेल आणि प्रश्न 'तयार करा' असा असेल, तर दोन्ही रकाने भरलेले असूनही ओळ रिकामीच समजायची.

तिसरी पद्धत, म्हणजे उलटी तपासणी, वेळखाऊ आहे, पण ताळ्याला जे दिसत नाही ते तिला दिसते. तीत प्रत्येक प्रश्न हातात घेऊन विचारायचे की हा प्रश्न विषय न समजताही बरोबर सुटू शकतो का, आणि चुकीचे उत्तर आले तर त्यातून काय कळते. इथल्या चारही प्रश्नांत डावीकडचा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे आणि उजवीकडचा छेद मोठा आहे. त्यामुळे 'छेद जितक्या पटीने वाढला तितक्या पटीने अंश वाढवा' ही एक ओळ पाठ असलेला मुलगा चारही प्रश्न बरोबर सोडवतो, मग १/२ आणि ४/८ हा एकच भाग आहे हे त्याला उमगलेले असो वा नसो. त्याच मुलाला २/४ आणि ३/६ सममूल्य आहेत का असे विचारले तर तो अडतो, कारण एकाला पूर्णांकाने गुणून दुसरा मिळत नाही. त्यासाठी दोन्ही १/२ शी जोडून पाहावे लागतात किंवा पट्टी आठवावी लागते.

चुकीच्या उत्तरांकडेही याच नजरेने पाहता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ४ ऐवजी ७ आले, तर मुलाने छेदात ६ मिळवले म्हणून अंशातही ६ मिळवले आहेत. दुसऱ्यात ८ ऐवजी ११ आले, तर तीच समजूत पुन्हा दिसते. हा गणनेतला निष्काळजीपणा नसून गुणण्याऐवजी मिळवण्याची पक्की गैरसमजूत आहे आणि तिच्यावरचा उपाय आणखी दहा रिकाम्या जागा हा नव्हे. ती नेमकी पकडायची तर २/३ आणि ४/५ सममूल्य आहेत का, असा 'नाही' उत्तराचा प्रश्न द्यावा लागतो. 'ओळखतो' या उद्दिष्टाच्या मूल्यमापनात 'होय' आणि 'नाही' अशा दोन्ही उत्तरांचे नमुने नसतील, तर ते ओळखण्याचे मूल्यमापनच नव्हे.

उलट्या तपासणीची अडचण अशी, की ती करणाऱ्याला विषय यावा लागतो. भाषेच्या विषयप्रमुखाने गणिताचे टाचण असे तपासले तर २/४ आणि ३/६ ची अडचण त्याच्या लक्षात येईलच असे नाही. तीन रकान्यांचा ताळा मात्र त्याला बऱ्यापैकी भरता येतो. लहान शाळेत, जिथे एकच मुख्याध्यापक सगळे विषय पाहतो, हा फरक निर्णायक ठरतो.

तिन्ही पद्धतींत एक धोका समान आहे, तो म्हणजे नसलेली उणीव काढण्याचा. अपूर्णांकांच्या अध्ययन निष्पत्तीत समूहाचा भाग काढणे आणि अपूर्णांक दशांश रूपात लिहिणे याही गोष्टी येतात. या टाचणात त्या नाहीत, आणि असण्याचे कारणही नाही, कारण एका तासिकेत संपूर्ण निष्पत्ती बसत नाही. घटक नियोजन शेजारी न ठेवता केलेली तपासणी दर टाचणाला 'निष्पत्ती अपूर्ण' असा शेरा देते, आणि असे दोन-चार शेरे आले की शिक्षक खऱ्या शेऱ्यांकडेही दुर्लक्ष करू लागतात. म्हणून निष्पत्तीतील सर्व भाग येतात का हे घटकाच्या पातळीवर पाहावे आणि उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन यांचा मेळ टाचणाच्या पातळीवर. लेखी चाचणी नाही म्हणून मूल्यमापन नाही, असेही मानू नये. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आकारिक साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम आणि प्रात्यक्षिक येतातच. फक्त निरीक्षणात काय पाहणार हे एका वाक्यात लिहिलेले असावे.

परत देण्याचा शेरा कसा असावा, यावर तपासणीचे बरेचसे फलित अवलंबून असते. 'मूल्यमापनात विविधता आणावी' या शेऱ्याने काहीच होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : उद्दिष्ट १ ला पट्ट्यांची कृती आहे, पण पुरावा नाही, पट्ट्यांनंतर २/४ व ३/६ आणि २/३ व ४/५ या दोन जोड्या पाटीवर 'आहे' किंवा 'नाही' असे लिहून वर धरायला सांगाव्यात, दोन मिनिटे पुरतील, ती वेळ चारपैकी एक रिकामी जागा गाळून मिळेल. उद्दिष्ट ३ या तासिकेतून काढून पुढच्या तासिकेत घ्यावे. यात उणीव कुठे आहे, ती कशी भरायची आणि वेळ कुठून आणायची, हे तिन्ही येते.

उद्दिष्ट ३ पुढे घेताना शहराच्या पूर्व भागातील शाळांनी एक गोष्ट वेगळी तपासावी. तिथे अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. 'एका गठ्ठ्यात १२ चादरी आहेत, त्यांपैकी ८ लाल आहेत. लाल चादरी २/३ आहेत असे म्हणता येईल का?' हे उदाहरण मुलांच्या परिचयाचे आहे, पण ते केवळ मराठी वाक्यात दिले, तर चुकलेले उत्तर अपूर्णांकाचे की भाषेचे, हे कळत नाही. चित्रासह आणि तोंडी विचारले तर कळते. सूचीत किंवा ताळ्यात ही उणीव सहसा सापडत नाही. प्रश्नच हातात घेतला की लगेच दिसते.

निवड करायचीच तर माझे मत असे. ज्या शाळेत आज केवळ सहीच होते, तिथे सूचीने आरंभ करायला हरकत नाही, पण सहामाहीच्या पुढे तिच्यावरच थांबू नये. विषयतज्ज्ञ उपलब्ध नसलेल्या शाळेने दर घटकाच्या एका टाचणाला तीन रकान्यांचा ताळा लावावा आणि तो शिक्षकाला समोर बसवून भरावा. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम आठवड्याला प्रत्येक टाचणाचे करणे कोणालाच झेपणार नाही. उलटी तपासणी घटक चाचणीच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावी आणि ती त्याच विषयाच्या दोन शिक्षकांनी एकमेकांची करावी, कारण वरिष्ठांनी प्रश्न चिरफाड करून पाहिले की टाचणात धाडसी प्रश्न येईनासे होतात.