हार्ट फेल्युअरच्या तीन गोळ्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅटॅकनंतर इको केला तेव्हा माझं पंपिंग, म्हणजे ईएफ, 28 टक्के निघालं. निरोगी माणसाचं साधारण 55च्या वर असतं. पायांना सूज होती आणि रात्री आडवं झालं की दम लागायचा. घरी आलो तो तीन गोळ्या घेऊन: फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. तिघींना एकाच मापाने मोजायला गेलो आणि तिथेच चुकलो. एकीचा गुण तासांत दिसतो, दुसरीचा आठवड्यांत आणि तिसरीचा महिन्यांत.

फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी. ती मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही, त्यामुळे मिठाबरोबर पाणीही बाहेर पडतं. सकाळी घेतली की तासाभरात फेऱ्या सुरू. पहिल्या चार दिवसांत वजन पाच किलोंनी उतरलं आणि मी एका उशीवर झोपू लागलो. पण ही गोळी साठलेलं पाणी काढते, हृदय दुरुस्त करत नाही. तिचा त्रास म्हणजे पोटॅशियम उतरतं. माझ्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे. उठताना चक्कर येऊ लागली तर पाणी गरजेपेक्षा जास्त निघालं असावं, हे डॉक्टरांना कळवायचं.

एनालाप्रिलचं काम कळायला आधी शरीराची एक गफलत समजून घ्यावी लागते. कमजोर हृदयाकडून रक्त कमी आलं की मूत्रपिंडाला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे. मग अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ तयार होतो, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी साठतं आणि थकलेल्या हृदयावरचा भार आणखी वाढतो. एनालाप्रिल ही एसीई इन्हिबिटर गटातली गोळी, ती हे अँजिओटेन्सिन बनूच देत नाही. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन 1.1 वरून 1.3 झालं होतं. मी घाबरलो, पण 30 टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, असं डॉक्टरांनी समजावलं. या गोळीने पोटॅशियम चढतं, म्हणून बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मी बंद केलं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

दुसऱ्या महिन्यात कोरडा खोकला सुरू झाला, घशात सतत खवखव. फुप्फुसांत पाणी भरलं तरी खोकला येतो, म्हणून डॉक्टरांनी आधी तेच तपासलं. वजन स्थिर, सूज नाही, आडवं झाल्यावर त्रास वाढत नाही. म्हणजे खोकला गोळीचा. हे औषध ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही साठू देतं, त्यातून ही खवखव होते. एनालाप्रिलऐवजी लोसार्टन दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा. हा त्रास क्वचित होतो, पण जिवावर बेततो.

आता मेटोप्रोलॉल, जी मी सोडायला निघालो होतो. हृदय कमजोर झालं की शरीर अ‍ॅड्रेनलीनचा मारा करून त्याला पळवत राहतं. काही काळ निभावतं, पण महिनोन्‌महिने असं पळवलेला स्नायू झिजतो आणि हृदय फुगत जातं. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, तो हा मारा अडवतो. पण त्याच माऱ्यावर हृदय तग धरून असतं, त्यामुळे सुरुवातीला ताकद कमीच होते. पूर्वी डॉक्टर हार्ट फेल्युअरमध्ये ही गोळी देणं धोक्याचं मानत. 1975 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी चांगला गुण आल्याचं प्रथम मांडलं आणि 1999 च्या मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले.

म्हणूनच ती अंगावरचं पाणी उतरल्यावर सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. मला 12.5 मिलिग्रॅम दिली, मग दर दोन आठवड्यांनी दुप्पट. 25 वरून 50 केली त्या आठवड्यात तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, घोटे सुजले, जिना चढताना थांबावं लागलं. बायको म्हणाली, “अहो, ही गोळी तुम्हाला मानवत नाही, बंद करा.” मलाही तसंच वाटलं. सुदैवाने आधी फोन केला. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल तशीच ठेवली आणि पाच दिवस फ्युरोसेमाइड दुप्पट केली. वजन जागेवर आलं. एकदम बंद केली असती तर अडवलेलं अ‍ॅड्रेनलीन एकदम तुटून पडलं असतं.

दोन महिने हातपाय गार असायचे आणि दुपारी डोळे मिटायचे. ते हळूहळू ओसरलं. नाडी 96 वरून 62 वर आली. ती 50 च्या खाली गेली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर डॉक्टरांना कळवायचं.

आणखी एक गोष्ट मोलाने शिकलो. गुडघा दुखला म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक आणून चार दिवस घेतली. सूज परत आली आणि क्रिएटिनिन 1.7 झालं. असली दुखण्याची गोळी मीठ-पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. आता गुडघ्याला पॅरासिटामॉल, तीही विचारून.

आठव्या महिन्यातल्या इकोत ईएफ 41 टक्के आलं. फ्युरोसेमाइड निम्मी झाली आहे. मेटोप्रोलॉल 100 वर आहे आणि तिथेच राहणार आहे. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजन वहीत लिहितो, आजचं 67.4.