दीड महिन्यात सहा किलो: डब्यात काय होतं?

माझा मुलगा सतरा वर्षांचा, उंची पाच फूट आठ इंच, वजन जेमतेम पन्नास. सुदामानगरातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला कुणी ना कुणी विचारायचंच, "याला खायला देत नाहीस का?" शेवटी त्याच्या जिममधल्या दादाने 'शुद्ध आयुर्वेदिक' पावडर आणून दिली. डबा चोवीसशेचा. वर झाडपाल्याची चित्रं होती, पण बॅच नंबर, परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता काहीच नव्हतं. मी ते पाहिलं आणि तरी पैसे दिले.

दीड महिन्यात सहा किलो वाढले! आठवडाभरातच भूक खवळली होती, दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचा. चेहरा पुरीसारखा फुगला, पण हातपाय काड्याच. एका रात्री मोजे काढताना नडगीवर माझं बोट दाबलं गेलं आणि तिथे खळगा तसाच राहिला.

डॉक्टरांनी आधी हिशोब मांडला. एक किलो चरबीला साधारण सात हजार सातशे कॅलरी जास्त लागतात. सहा किलोंसाठी रोज हजारावर जादा, म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी सात-आठ तूप लावलेल्या पोळ्या. भूक वाढली होती, पण एवढं तो खात नव्हता. म्हणजे बरंचसं अंगात साठलेलं पाणी. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी कमी निघालं. बाहेरून स्टेरॉइड जात असलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अशा पावडरींत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि भूक वाढवून झोप आणणारं सायप्रोहेप्टाडिन सापडतं, असं ते म्हणाले. डबा मी रागाने फेकायलाच निघाले होते. त्यांनी बजावलं, एकदम बंद केलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं होऊ शकतं. मग स्टेरॉइडच्याच मोजलेल्या गोळ्या देऊन त्यांनी ते हळूहळू कमी केलं. पाणी उतरलं, काटा पुन्हा साडेपन्नासवर.

जिमवाल्याला जाब विचारला, तर म्हणतो, "ताई, वजन तर वाढलं ना?"

थायरॉइड, शौच, बाकी रक्त तपासून काही निघालं नाही. मग घरचंच. एक ग्लास म्हशीचं दूध, एक केळं, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, मिक्सरमधून. एवढ्यात चारशेच्या आसपास कॅलरी होतात. पहिले चार दिवस मी जेवणाआधी दिलं आणि त्याचं जेवणच अर्धं झालं! आता संध्याकाळी शिकवणीहून आल्यावर देते, रात्रीच्या जेवणाला दोन तास असतात. वरणावर तूप एक चमचा जास्त, आणि सकाळच्या पोह्यांवर शेवेबरोबर मूठभर दाणे. बटाटेवड्यांवर भर दिला नाही, त्याने पोट जड होऊन पुढचं जेवण जातं. सोबत दंड-बैठका, नाहीतर सगळं पोटावरच बसेल.

दोन महिन्यांत अडीच किलो. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आणि वजन झालं की मी अजूनही त्याची नडगी दाबून बघते.