व्हॉल्व्ह उघडला की उघडली?

इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा असं ठरलं की त्याचं लिंग ठरवायला अनुवादकापुढे दोन वाटा असतात. एक तर जवळचा मराठी शब्द शोधायचा आणि त्याचं लिंग उसनं घ्यायचं. नाहीतर ती वस्तू रोज हाताळणारे लोक काय बोलतात ते ऐकायचं आणि तसंच लिहायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पहिली वाट टाकाऊ नाही. सभा होते, बैठक होते, म्हणून मीटिंगही 'झाली'. गाडी सुटते म्हणून बस 'सुटली', खातं उघडतं म्हणून अकाउंट 'उघडलं'. रुळलेल्या पुष्कळ शब्दांचा हिशेब असा जुळतो. शिवाय घरबसल्या निर्णय होतो आणि मुद्रितं तपासणाऱ्याने विचारलं तर कारण देता येतं. बरीच वर्षं मी असंच काम केलं.

मग ठिबक सिंचनाची एक पुस्तिका आली, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, म्हणून मी लिहिलं, 'व्हॉल्व्ह हळूहळू उघडावी'. फिल्टर म्हणजे गाळणी, म्हणून 'फिल्टर तुंबली असल्यास'. कच्ची प्रत एका बागायतदारांना वाचायला दिली. दुसऱ्याच पानावर ते थांबले. "भाऊ, आमच्याकडं व्हॉल्व्ह उघडतो. तुमची कुठली?"

तेवढं दुरुस्त झालं असतं. मला खरं छळलं ते 'स्क्रीन'ने. पुस्तिकेत स्क्रीन दोन होत्या. एक कंट्रोलरवरची, आकडे दाखवणारी. तिला जवळचा शब्द पडदा. दुसरी स्क्रीन फिल्टरच्या आतली, कचरा अडवणारी. तिला जवळचा शब्द जाळी. नियम प्रामाणिकपणे पाळल्यामुळे एका पानावर 'स्क्रीन कोरड्या फडक्याने पुसावा' आणि चार पानांनंतर 'स्क्रीन बाहेर काढून ब्रशने धुवावी' असं झालं. नियम कुठेच मोडला नव्हता, तरी पुस्तिका दोन माणसांनी लिहिल्यासारखी वाटत होती.

आणि हे निस्तरणं किती किचकट! शोधून बदलायचं तर काय शोधणार? 'स्क्रीन' हा शब्द दोन्हीकडे तसाच. लिंग दिसतं ते शेजाऱ्यांत: चा-ची-चे, 'काळा पडलेला', 'पुसावा', मागाहून येणारा 'तो'. 'स्क्रीनवर' म्हटलं की काहीच कळत नाही, कारण नवे शब्द सामान्यरूप टाळतात. 'पंपावर', 'बँकेत' हे जुन्यांचे लाड. तेव्हा प्रत्येक वाक्य डोळ्यांनी वाचून काढलं. आमच्या नाशकात मोबाईलची स्क्रीन फुटते. मी दोन्ही स्क्रीन स्त्रीलिंगी केल्या आणि पुन्हा त्यावर विचार केला नाही. (आख्खा 'स्क्रीन फिल्टर' मात्र 'तुंबतो', जोडशब्दात शेवटच्याचं चालतं.)

दुसऱ्या वाटेलाही खाचखळगे आहेत. 'याचं लिंग काय?' असं विचारलं की बोलणारा गडबडतो आणि शाळेतलं व्याकरण आठवू लागतो. त्याला घडलेली गोष्ट सांगायला लावावी लागते. भूतकाळातलं क्रियापद आलं की उत्तर आपोआप मिळतं. तेही दर वेळी नाही. 'गेज' शब्दासाठी मी सातपूरच्या एका मेकॅनिककाकांना विचारलं, "काल काय बिघाड झाला होता?" ते म्हणाले, "काटा अडकला होता." गेजचं लिंग राहिलंच बाजूला.

काही शब्दांवर एकमतही होत नाही. मशीन बंद 'पडली' आणि 'पडलं' दोन्ही ऐकू येतं. ईमेल आला, आली, आलं, तिन्ही. अशा वेळी एक निवडून शेवटपर्यंत पाळणं एवढंच हातात राहतं. आणि जो शब्द अजून कुणाच्या तोंडीच नाही, त्याचे भाऊबंद बघावेत असं मला वाटतं. स्टेशन, ऑपरेशन, इंजेक्शन नपुंसकलिंगी, म्हणून नोटिफिकेशनही 'आलं'. प्रतिशब्द बघितला असता तर सूचनेमुळे 'आली' झालं असतं. बोर्ड 'लावला', म्हणून डॅशबोर्ड 'उघडला'.

सरकारी किंवा कायद्याचा मजकूर असेल तर पहिली वाट कदाचित सोयीची पडेल. पण तिथे प्रतिशब्द इतका हाताशी असतो की बहुतेकदा तोच लिहून मोकळं होता येतं. उसना शब्द आणि त्याच्या लिंगाची भानगड उरतच नाही. जिथे उसना शब्द ठेवावाच लागतो, तिथे तो आधीपासून कुणाच्या तरी बोलण्यात असतो म्हणूनच ठेवलेला असतो.

हल्ली माझ्या शब्दसूचीत पु., स्त्री., न. असा रकाना नाही. त्या जागी ऐकलेलं छोटं वाक्य असतं: फिल्टर तुंबला, स्क्रीन फुटली, व्हॉल्व्ह गळतोय. गेजपुढे अजून 'काटा अडकला' एवढंच लिहिलेलं आहे.