‘फोर-के सपोर्ट’ म्हणून गळ्यात मारलेला ३२ इंची मॉनिटर

माझं अभ्यासाचं टेबल दोन फूट खोल, मागं भिंत. स्टँडची जागा सोडून बसलं की डोळे पडद्यापासून जेमतेम ५५ सेंटिमीटरवर येतात. हे मी दुकानात सांगितलंही होतं. राजारामपुरीतला तो पोरगा म्हणाला, "भावा, मोठा घ्या. ३२ इंची, फोर-के. अक्षर एकदम खणखणीत." डेमोला त्यानं क्रिकेटचा व्हिडिओ लावला आणि मी भुललो. व्हिडिओवर मॉनिटरची पारख होत नाही, मजकुरावर होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

घरी मराठी पीडीएफ उघडली. ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच, ‘क्ष’चा काळा ठिपका. स्केलिंग १५०, मग २०० टक्के केलं. अक्षरं मोठी झाली, पण धूसर ती धूसरच. शेवटी Settings > System > Display मध्ये बघितलं: 3840 x 2160 निवडलेलं होतं, पण (Recommended) हा शब्द खाली 1920 x 1080 पुढे होता. म्हणजे पॅनल फुल एचडी. तो फोर-केचा सिग्नल घेतो आणि चार ठिपक्यांचा एक करून दाखवतो. खोक्यावर ‘सपोर्ट’ लिहिलेलं, ते याच अर्थानं!

काही मॉनिटर हा शब्दही खोटाच दाखवतात, म्हणून पुढची खात्री केली. स्केल १०० टक्के, पेंटमध्ये झूम १०० टक्के, आणि एकाआड एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. खऱ्या फोर-केवर त्या फोनच्या कॅमेऱ्यानं झूम करून वेगळ्या दिसतात. माझ्याकडे नुसता राखाडी पट्टा.

आता हिशेब बघा. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद, त्यावर १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला ५५ सेंटिमीटरवरून साधारण ०.१६ मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. म्हणून कडा करवतीसारख्या दिसणारच, आणि स्केलिंगनं ठिपके वाढत नाहीत. एका अक्षराला जास्त ठिपके मिळतात, पण अक्षर तेवढंच मोठं होतं आणि पानावर कमी ओळी मावतात. शिवाय एवढ्या जवळून ७१ सेंटिमीटर बघताना मान सतत वळते.

त्याच टेबलावर २७ इंचीत 2560 x 1440 घेतला असता तर ठिपका ०.२३ मिलिमीटर आणि अक्षर १०० टक्क्यांनाच वाचण्याजोगं. पैसे कमी असतील तर २४ इंची फुल एचडी, ०.२८. खरा २७ इंची फोर-के सर्वांत रेखीव, पण स्केलिंग १५० टक्के ठेवावंच लागतं, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी.

दुकानदार म्हणाला, "सपोर्ट लिहिलंय की साहेब, खोटं कुठं बोललो?" आणि बिलावर नुसतं ‘३२ इंच मॉनिटर’. रिझोल्यूशनचा आकडा नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथंही पहिला प्रश्न तोच आला: बिलावर काय लिहिलंय?