पँटोप्राझोल ४०: चार वर्षं घेतली, आता सात महिने बंद

पोटातलं आम्ल कमी करणारी ही गोळी सुरू झाली ती योग्य कारणानेच. रात्री आंबट पाणी घशाशी येऊन झोपमोड व्हायची आणि एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ग्रेड ए, म्हणजे सर्वांत सौम्य, सूज निघाली. आधी मी गोळी नाश्त्यानंतर घ्यायचो, फरक जेमतेम पडायचा. जेवण पोटात गेलं की आम्लाचे पंप जागे होतात आणि तेव्हा औषध रक्तात हजर लागतं. म्हणून नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायला लागलो, तेव्हा आठवड्यात शांत झोप लागली.

सोडायचं मनात आलं ते व्हॉट्सअॅपवरच्या भीतीमुळे: किडनी जाते, विसरभोळेपणा येतो, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टर म्हणाले, "अहो, अशा बहुतेक पाहण्यांत ही गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी होते." २०१९ च्या कॉम्पास चाचणीत साडेसतरा हजार लोकांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल ४० आणि निम्म्यांना नकली गोळी सुमारे तीन वर्षं दिली होती. ठळक फरक फक्त पोटाच्या संसर्गात दिसला, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. अर्थात तीन वर्षं म्हणजे दहा नव्हेत, त्यामुळे माझं बी१२ आणि मॅग्नेशियम त्यांनी तपासलंच. पण भीती गेली तरी गरज संपली असेल तर गोळी कशाला, हा प्रश्न उरला.

त्याआधी एकदा मी मनानेच गोळी बंद केली होती. पाचव्या दिवशी अशी जळजळ उठली की दुपारीच दुकान गाठलं. आजार परतला असं मी धरून चाललो होतो. खरं तर आम्ल दाबलं की शरीर आम्ल बनवायला सांगणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि आम्लाची चेतना देणाऱ्या पेशी वाढतात. गोळी थांबली की ही सगळी फौज मोकाट सुटते. पूर्वी काहीच त्रास नसलेल्या माणसांनाही आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवल्यावर जळजळ झाल्याची नोंद आहे.

दुसऱ्यांदा डॉक्टरांना विचारून ४० ची २० केली, चार आठवडे. (गोळी मोडून नाही हं. वरचं आवरण फुटलं तर औषध पोटातल्या आम्लातच वाया जातं.) मग दोन आठवडे एकाआड एक, मग बंद. जळजळ झालीच, तिसऱ्या आठवड्यात ओसरली. मधल्या काळात आम्ल वर येऊ न देणारं अल्जिनेटचं सिरप आणि फार झालं तर रात्री फॅमोटिडिन २० ही आम्ल कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी. ती रोज घेतली की आठवडा-दोन आठवड्यांत बोथट होते, म्हणून अधूनमधूनच. त्रास दोन महिन्यांनंतरही तसाच राहिला असता तर ते मूळ दुखणं, पुन्हा गोळी, असं आधीच ठरलं होतं.

माझ्या काकांनी मात्र सोडू नये. त्यांना अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि एकदा अल्सरमधून रक्तस्राव झालाय. बॅरेट, म्हणजे आम्लाने अन्ननलिकेचं अस्तरच बदललेलं, किंवा ग्रेड सी-डी, म्हणजे तीव्र, सूज असलेल्यांचंही तेच. गिळताना अडकणं, काळी शौच, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आधी एंडोस्कोपी.

सध्या महिन्यातून एखाद-दोनदा, बहुतेक लग्नातल्या उशिराच्या जेवणानंतर, सिरपची बाटली उघडावी लागते.