बिडी सोडवायच्या गमच्या नावाखाली ४,५९० रुपये गेले

आमच्या दादाची बिडी सुटावी म्हणून लातूरला स्टँडजवळच्या एका एजंटाकडून ‘निकोटीन गम’चे तीन डबे घेतले. १,४५० चा एक डबा, वर २४० रुपये ‘कन्सल्टिंग’. एकूण ४,५९०. बिल मागितलं तर म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

माणूस अडाणी बोलत नव्हता. त्यानं पहिलंच विचारलं, “उठल्यावर किती वेळात बिडी लागते?” दादाला अंथरुणातच लागते. मग म्हणाला, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर चार मिग्रॅ.ची गम, नाहीतर दोनची. हा नियम खरा आहे, डॉक्टरही हेच विचारतात. असं अचूक बोलणाऱ्यावर कुणीही विश्वास ठेवला असता.

पण डबा माझ्या हातात होता हो! त्यावर मोठ्या अक्षरात ‘4X’ छापलेलं. ४ मिग्रॅ. नव्हे, 4X! मागं खऱ्या गममधल्या औषधाचं ‘निकोटीन पोलाक्रिलेक्स’ हे नाव कुठंच नाही. लवंग, ज्येष्ठमध, पुदिना. मी विचारलंसुद्धा, दिवसाला किती घ्यायच्या? “कितीही चघळा, काही होत नाही.” तिथंच उठून यायला पाहिजे होतं. ज्यात निकोटीन आहे, त्या गमला मर्यादा असतेच, दिवसाला २४ च्या वर नाही. मर्यादा नाही म्हणजे आत औषधच नाही. पण दादा शेजारी बसलेला, पहिल्यांदा स्वतःहून तयार झालेला. त्याच्यासमोर घासाघीस कोण करणार?

दादानं दिवसभर चघळल्या आणि रात्री बिडी ओढलीच. खरी गम थोडी चावली की जिभेला तिखट चुणचुण होते, मग ती गालात दाबून ठेवायची. चुणचुण गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. चहा आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना बंद, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. आमच्या डब्यातल्या गमला नुसता पुदिन्याचा वास.

ठाण्यात म्हणाले, औषधाचं प्रकरण आहे, औषध प्रशासनाच्या ऑफिसात जा. तिथला साहेब डबा उलटा-पालटा करून म्हणाला, यावर औषध म्हणून लिहिलेलंच नाही, मग आमच्याकडं कसं येईल? अरे, निकोटीन नसताना निकोटीन म्हणून विकलं, हीच तर तक्रार आहे! पुन्हा ठाण्यात गेलो तर बिल आणा म्हणाले. बिल देत नाही म्हणूनच तर तो चोर! दोन्हीकडं अर्जाची पोच द्यायलाही कुणाचा हात उचलेना.

औषध दुकानातूनच घ्या, बिलासकट. मिग्रॅ., बॅच नंबर, उत्पादन परवाना नंबर, मुदत यातलं एक जरी नसेल तरी परत करा. ४ मिग्रॅ.ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. चिठ्ठीशिवाय ‘चारची’ देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊच नका. बिडी सोडवायच्या व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या सुट्या पुडीत तर बिलकुल नको, त्या अर्ध्या मिग्रॅ.पासून हळूहळू वाढवायच्या असतात. सोडायचीच असेल तर सरकारी हेल्पलाइनला १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे.

तो एजंट अजून तिथंच बसतो. डब्याचा रंग तेवढा बदललाय.